‘वैयक्तिक कारणास्तव’ हे कुणाचं कारण?

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कुठल्याही टॉवेल कारखान्याचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडा. काम सोडून जाणाऱ्या माणसाचा शेवटचा मेसेज ठरलेला असतो: ‘वैयक्तिक कारणास्तव काम सोडत आहे, सर्वांचे आभार, चूकभूल माफ असावी.’ खाली हात जोडलेले. खरं कारण लूमवरच्या पोरांपासून गेटवरच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं, फक्त जाणाऱ्यानंच ते लिहायचं नसतं. हा रिवाज मला मान्य नाही.

मी सहा वर्षं एका कारखान्याच्या ऑफिसात हिशेब सांभाळला. शुक्रवारी नमाजसाठी पाऊण तास मिळायचा, तो संध्याकाळी थांबून भरून द्यायचो. नवीन व्यवस्थापक आले आणि ते बंद झालं; गेलात तर अर्धा दिवस कापू, असं सांगण्यात आलं. दोनदा लेखी अर्ज दिला, उत्तर आलं नाही. मी राजीनामा द्यायचं ठरवलं तेव्हा क्लार्कनं तयार मसुदाच पुढे ठेवला: ‘स्वखुशीने, वैयक्तिक कारणास्तव’. घरचे म्हणाले, सही कर आणि मोकळा हो, रिझक देणारा अल्लाह आहे. रिझक त्याच्या हातात आहे हे मलाही कबूल. पण मग खरं लिहायला एवढं भ्यायचं कशाला?

राजीनाम्याचा कागद आणि निरोपाचा मेसेज एकमेकांना धरून असले पाहिजेत. उद्या वाद सहायक कामगार आयुक्तांकडे गेला, तर मालक आधी ‘स्वखुशीने’वाला कागदच काढतो. ग्रुपवर तुम्ही नंतर काहीही लिहा, त्यापुढे ते फिकं पडतं. म्हणून कारण लिहायचं असेल तर ते आधी राजीनाम्यात लिहावं, तारखेसह, आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. ग्रॅच्युइटी बुडेल ही भीती बिनबुडाची आहे. सलग पाच वर्षं भरली असतील तर राजीनामा दिला तरी दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार मिळतो, मग कारण काहीही असो.

1951 साली डॉ. आंबेडकरांपुढे हाच प्रश्न होता. 27 सप्टेंबरला त्यांनी नेहरूंना राजीनाम्याचं पत्र दिलं. त्याआधी ऑगस्टमध्ये हिंदू कोड बिल लवकर घ्या असं लिहिताना त्यांनी स्वतःच्या तब्येतीचा उल्लेख केला होता. म्हणजे ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ हे वाक्य हाताशी तयार होतं, आणि कुणी शंकाही घेतली नसती. पण ऑक्टोबरमधल्या निवेदनात त्यांनी आजारपणाचं कारण स्पष्ट शब्दांत नाकारलं. मंत्री काही न सांगता गेला तर लोक त्याच्याच वागण्यात काहीतरी काळंबेरं शोधतात, असं त्यांचं म्हणणं होतं. सभागृहात उपसभापतींनी निवेदनाची प्रत आधी मागितली, वेळही पुढे ढकलली. बाबासाहेब बाहेर पडले आणि निवेदन वर्तमानपत्रांकडे दिलं.

आपल्याकडे हे जास्तच लागू पडतं. मुसलमान माणूस गुपचूप गेला की रिकामी जागा भरायला लोक बसलेलेच असतात: ‘पैशाची भानगड असेल’, ‘दुबईला निघाला असेल’. हिशेबनिसाला तर पहिली अफवा काम देत नाही.

पण कारण लिहिणं वेगळं आणि राग लिहिणं वेगळं. माझा पहिला मसुदा तीन परिच्छेदांचा होता, व्यवस्थापकाच्या नावासकट, आणि शेवटी ‘मी मुसलमान आहे म्हणून’. तो फाडला. त्यांच्या मनात काय होतं ते मी सिद्ध करू शकत नाही, आणि बदनामीच्या खटल्यात नुसतं ‘खरं आहे’ एवढं पुरत नाही, ते लोकहितासाठी सांगितलं हेही दाखवावं लागतं. शेवटी पाठवलं ते एवढंच:

‘सहा वर्षं सोबत काम केलं, आभार. शुक्रवारच्या नमाजसाठी मिळणारा पाऊण तास बंद झाला. वेळ भरून द्यायची तयारी दोनदा लेखी कळवली, उत्तर आलं नाही. म्हणून जात आहे.’

यात एकही विशेषण नाही. ज्यांनी माझी बाजू घेतली होती त्यांची नावंही मुद्दाम घातली नाहीत, त्यांना तिथंच राहायचं आहे.

कुणी म्हणेल, ऑफिसातल्या माणसाला हे परवडतं. खरं आहे. ज्याचं नाव मस्टरवरच नाही, आठवड्याच्या आठवड्याला हिशेब होतो, आणि इथले मालक एकमेकांना फोन करून माणूस कसा आहे विचारतात, त्या लूम कामगाराला मी कारण लिही म्हणणार नाही. त्यानं नुसतं ‘आजपासून काम सोडतोय, सर्वांना सलाम’ लिहावं. गप्प राहायची मुभा त्याला आहे. खोटं कारण मात्र त्यानंही लिहू नये, कारण ते मालकाच्या फाइलीत जाऊन बसतं.

माझ्या मेसेजवर ग्रुपमध्ये कुणी काही बोललं नाही. अ‍ॅडमिननं दहा मिनिटांत मला काढलं. रात्री तीन जणांनी वेगवेगळे फोन केले. त्यातला एक तेलुगू बोलणारा जॉबर होता. त्याला त्या दोन अर्जांची भाषा हवी होती, त्याच्या रविवारच्या सुट्टीसाठी.