वास्तुशांतीचं पाकीट

वास्तुशांतीच्या पाकिटात ५०१ रुपये घालायचे आणि वर ‘नूतन वास्तूस हार्दिक शुभेच्छा’ एवढंच लिहायचं, ही आपली रीत. पण अकरा-अकरा महिन्यांच्या भाडेकरारांवर बिऱ्हाड हलवत राहिलेल्या मित्राच्या पहिल्या फ्लॅटला तेवढं पुरत नाही. त्याला नवं काय मिळालं, ते नेमकं लिहावं: ‘आता भिंतीत खिळा ठोकायला कुणाला विचारू नकोस. दारावर तुझ्याच नावाची पाटी लाव. गॅलरीतली तुळस पुढच्या पावसाळ्यातही तिथेच बहरू दे.’ कर्जाचे हप्ते आणि फ्लॅटची किंमत यांवरचे विनोद मात्र टाळावेत. पाकिटावरचा मजकूर त्याचे आईवडीलही वाचतात. आणि खाली पूर्ण नाव लिहा, कारण आहेराची पाकिटं पाहुणे गेल्यावर एकदमच उघडली जातात.