चाळणीतून निसटलेले दोन आकडे

रविवारी संध्याकाळी भाची वही घेऊन आली. पाचवीत आहे. ‘१ ते १०० मधल्या मूळ संख्या चाळणीच्या पद्धतीने शोधा’ असा गृहपाठ होता. म्हणाली, “खाला, सगळ्यांच्या २५ येतात, माझ्या २६. एक खोडून टाकू का?”

“कोणती खोडणार?”

“कोणतीही. शेवटची ९७.”

९७ बिचारी खरीखुरी मूळ संख्या! म्हटलं, आधी चूक शोधू या.

मूळ संख्या, म्हणजे उर्दू शाळेतली मुलं जिला मुफरद अदद म्हणतात ती. तिला १ आणि ती स्वतः, या दोघांखेरीज कुणीही निःशेष भागत नाही. ही चाळणी ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातल्या एराटोस्थेनिस यांच्या नावाने ओळखली जाते. ते इस्कंदरियाच्या ग्रंथालयाचे प्रमुख होते. त्यांच्यानंतर निकोमाकस यांनी आपल्या अंकगणिताच्या ग्रंथात ही पद्धत सांगितली आणि नवव्या शतकात बगदादच्या साबित इब्न कुर्रा यांनी तो ग्रंथ अरबीत आणला. हिच्यात भागाकार करावाच लागत नाही, फक्त पावलं मोजत खोडत जायचं.

भाचीने दहा ओळींत दहा-दहा आकडे लिहिले होते. १ आधीच खोडलेला होता, ते बरोबर, कारण १ ही मूळही नाही आणि संयुक्तही नाही. मग २ ला गोल करून ४ पासून एकाआड एक आकडा खोडायचा. त्यात ४९ आकडे जातात. पुढे ३ ला गोल, आणि सुरुवात थेट ९ पासून, कारण ६ तर २ ने आधीच नेलेला असतो. या फेरीत नव्याने १६ जातात. ५ ची सुरुवात २५ पासून आणि नव्याने जाणारे सहाच: २५, ३५, ५५, ६५, ८५, ९५. ७ ची सुरुवात ४९ पासून, कारण ७ ची त्याहून लहान पट कोणत्या तरी लहान संख्येने आधीच खोडलेली असते. नव्याने जाणारे फक्त तीन: ४९, ७७ आणि ९१.

आता बेरीज करा. ४९, १६, ६ आणि ३ मिळून ७४, त्यात १ धरला की ७५ खोडले. उरले २५. म्हणजे चूक कोणत्या फेरीत झाली तेही या चार आकड्यांवरून कळतं.

आम्ही फेऱ्या मोजल्या. पहिल्या तीन बरोबर निघाल्या, पण सातच्या फेरीत नवीन खुणा दोनच होत्या: ४९ आणि ७१. मी म्हटलं, “पेन्सिल पुन्हा तशीच चालव.” ती मोजू लागली, ४९, ५६, ६३, ७१... तिथेच थांबली. सातऐवजी आठ पावलं पडली होती. पुढे ७८, ८५, ९२, ९९. हे चारही आधीच खोडलेले होते, त्यामुळे काही बिघडल्याचं जाणवलंच नाही. निष्पाप ७१ गेली, ७७ आणि ९१ निसटल्या. एक कमी, दोन जास्त, म्हणून २६! तिने ९७ खोडली असती तर उत्तर २५ आलं असतं आणि यादीत चार चुका राहिल्या असत्या.

अशी चूक बहुधा सातातच होते. दहाच्या ओळींत २ आणि ५ च्या पटी सरळ उभ्या रांगेत पडतात, डोळ्यांनाच दिसतात. ३ आणि ७ च्या तिरप्या जातात. त्यामुळे सातची फेरी संपताना पेन्सिल ९८ वर टेकली की नाही, एवढं पाहावं. भाचीची ९९ वर टेकली होती.

“आणि ११ ची फेरी?” तिने विचारलं.

तिलाच करायला लावली. २२, ३३, ४४ असं करत ९९ पर्यंत गेली, एकही नवा आकडा मिळेना. ११ चा पहिला नवा बळी ११ गुणिले ११, म्हणजे १२१, आणि तो आपल्या वहीच्या बाहेर. शंभराच्या आतल्या संयुक्त संख्येचे दोन भाग पाडले तर दोन्ही १० हून मोठे असूच शकत नाहीत. त्यामुळे एकाला तरी २, ३, ५ किंवा ७ भागतोच.

“मग १२० पर्यंत सातावरच भागेल?”

भागेल, म्हटलं. तिने लगेच खाली आणखी दोन ओळी आखल्या. १०१, १०३, १०७, १०९ आणि ११३ ला गोल केले. ११९ पाशी पेन्सिल अडखळली, मग ९८ वर परत जाऊन तिने बोटाने सात-सात पावलं मोजली आणि तो खोडला.