आवाज गोड, शब्द अपुरे

परदेशी शिक्षणासाठी कर्ज देणाऱ्यांच्या व्हिडिओ जाहिराती आता घराघरांतल्या मोबाइलवर दिसतात. त्यातला आवाज आधी मुलाशी बोलतो, ‘स्वप्न बघ.’ मग हळू होऊन अम्मी-अब्बांकडे वळतो, ‘काळजी नको, शिक्षण पूर्ण होईपर्यंत हप्ता नाही.’ हे वाक्य खोटे नाही, पण अर्धे आहे. हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही.

एक हिशोब मांडू. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी वीस लाखांचे कर्ज, व्याज ११ टक्के. बँक सगळी रक्कम एकदम देत नाही. समजा, पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला दहा लाख आणि दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला दहा लाख दिले. शिक्षणानंतर आणखी एक वर्ष सवलत आहे. म्हणजे पहिल्या दहा लाखांवर तीन वर्षे व्याज चढते, ३ लाख ३० हजार. दुसऱ्यावर दोन वर्षे, २ लाख २० हजार. सरळ व्याज धरले तरी पहिला हप्ता येण्याआधीच साडेपाच लाख वाढलेले असतात, आणि ते मुद्दलात मिसळतात.

आता हप्ता साडेपंचवीस लाखांवर बसतो. दहा वर्षांच्या मुदतीत तो महिन्याला सुमारे ३५,१०० रुपये होतो. तेवढे व्याज वेळच्या वेळी भरले असते, तर हप्ता सुमारे २७,५५० राहिला असता. मात्र त्यासाठी पहिल्या वर्षी महिन्याला सुमारे ९,२०० आणि पुढे १८,३०० रुपये घरातून काढावे लागतात. हे जमेल का, ते सही करण्यापूर्वी ठरवायचे. शिक्षण चालू असताना व्याज भरणाऱ्याला काही बँका दरात सूट देतात. ती लेखी मागावी.

आवाज आणखी एक गोष्ट गाळतो. मुलाबरोबर सहकर्जदार म्हणून सही अब्बांची किंवा अम्मीची असते. मुलाला नोकरी लागली नाही, तर बँक त्यांच्याकडेच येते. घर तारण ठेवले असेल, तर ते घरही धोक्यात येते.

आपल्याकडे व्याजाचा प्रश्न दीनचाही आहे. त्याबद्दल आलिमांना विचारायचे असेल, तर त्यांच्यापुढे जाहिरात नव्हे, मंजुरीपत्र ठेवावे. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावरचे व्याज भरणारी केंद्राची ‘पढो परदेश’ योजना २०२२-२३ पासून बंद झाली आहे. कोणी एजंट अजून तिचे नाव घेत असेल, तर सावध व्हावे.

मंजुरीपत्रात चार गोष्टी शोधा: दर स्थिर की बदलता, सवलतीच्या काळातले व्याज सरळ की चक्रवाढ, ते मुद्दलात कधी मिसळणार, आणि पहिला हप्ता किती रुपयांचा. चौथ्याचे उत्तर आकड्यात मिळेपर्यंत सही करू नका.