जन्मतारखेला घड्याळ लावू नका

आपल्या जनरल रजिस्टरमध्ये जन्मतारखेचा रकाना असतो, जन्मवेळेचा नसतो. पत्रिका मांडणाऱ्याला वेळ आणि गाव दोन्ही लागतं, शाळेला फक्त तारीख पुरते. संगणकाला मात्र हा फरक सांगावा लागतो.

समजा, रत्नागिरीतल्या एका मुलीची जन्मतारीख १ जून २०१८ अशी भरली. यादी दुसऱ्या ॲपकडे पाठवताना काही प्रोग्राम त्या तारखेला गुपचूप रात्री बाराची वेळ जोडतात आणि मग ती जागतिक वेळेत बदलतात. आपण जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. आपल्याकडे रात्रीचे बारा वाजतात, तेव्हा तिथे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. म्हणून फाईलमध्ये असं उतरतं:

```
2018-05-31T18:30:00.000Z
```

पुढच्या ॲपने यातली पहिली दहा अक्षरं कापून घेतली की मुलगी ३१ मेची झाली! १ जानेवारीचं मूल तर आदल्या वर्षात जातं आणि प्रवेशाच्या वयाचा हिशोब बिघडतो. एका दिवसाने काय होतंय, असं म्हणणाऱ्याने दाखला आणि आधारवरच्या तारखा जुळत नाहीत म्हणून हेलपाटे घालणाऱ्या पालकाला विचारावं.

ही चूक ओळखायची खूण म्हणजे तारखेला चिकटलेलं ते `18:30`. दुसरी खूण खास आपल्याकडची आहे. जुन्या रजिस्टरांत गुरुजींनी कितीतरी मुलांना सरसकट १ जून तारीख लावलेली असते. नव्या यादीत तेवढेच वाढदिवस ३१ मेला दिसले, तर समजून जा.

उलटंही घडतं. ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट `2018-06-01` ही नुसती तारीख जागतिक वेळेतली मध्यरात्र धरते. आपल्याकडे तेव्हा १ जूनचीच पहाट असते, त्यामुळे सगळं बरोबर दिसतं. अमेरिकेतल्या मावशीकडे मात्र ३१ मेची संध्याकाळ असते आणि तिच्या स्क्रीनवर भाचीचा वाढदिवस एक दिवस आधी येतो. सुट्ट्यांच्या यादीतली १५ ऑगस्टसुद्धा अशीच तिकडे १४ ऑगस्ट होते.

मला हे मुळातच चुकीचं वाटतं. आपल्या रत्नागिरीत लोकमान्य टिळक जन्मले ते २३ जुलै १८५६ रोजी. भारतीय प्रमाणवेळ आली १९०६ साली. मग त्या तारखेतून कुठले साडेपाच तास वजा करायचे?

काहीजण तारखेत साडेपाच तास मिळवून ठिगळ लावतात. पण आधीच बरोबर असलेल्या नोंदींनाही ते लागतं आणि परदेशातून पाहणाऱ्याची अडचण तशीच राहते. त्यापेक्षा शीटचा रकाना साध्या मजकुराचा ठेवा. ॲप बनवणाऱ्याला सांगा, की जन्मतारीख वेळेशिवायच्या तारीख प्रकारातच साठवायची आणि वाचताना वर्ष, महिना, दिवस वेगवेगळे घ्यायचे. कॅलेंडरमध्ये सुट्टी ‘पूर्ण दिवस’ म्हणून टाका, म्हणजे फाईलमध्ये ती अशी जाते:

```
DTSTART;VALUE=DATE:20260815
```

ऑनलाइन पालकसभेची वेळ मात्र जरूर बदलून दाखवावी. दुबईतल्या बाबांना आपले सात म्हणजे त्यांचे साडेपाच, हे कळलंच पाहिजे.