‘बंद’ची सूचना पुरी हवी



‘सूचना दिली की बँकेची जबाबदारी संपली’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत मला मान्य नाही. ‘देखभालीसाठी सेवा काही काळ बंद’ एवढ्याने फर्दापूरच्या दुकानदाराला काहीच ठरवता येत नाही.

पुरी सूचना कशी असते, ते एचडीएफसी बँकेने दाखवले होते. १३ जुलै २०२४ला, दुसऱ्या शनिवारी, पहाटे ३ ते दुपारी ४.३० या वेळात तिने आपली मूळ बँकिंग यंत्रणा नव्या व्यवस्थेवर हलवली. यूपीआय मात्र पहाटे ३ ते ३.४५ आणि सकाळी ९.३० ते १२.४५ एवढाच वेळ बंद राहील, एटीएम व कार्डे ठरावीक मर्यादेत चालतील, हे तिने वेगळे सांगितले. आदल्या संध्याकाळी ७.३०पर्यंत पुरेशी रोकड काढा, हा पर्यायही दिला.

तरी एक उणीव राहतेच. सूचना खातेदाराला जाते. यूपीआयसाठी पैसे देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची, अशा दोन्ही बँका चालू असाव्या लागतात. अजिंठ्याला निघालेल्या पर्यटकाची बँक बंद असेल, तर फर्दापूर टी-पॉइंटवरच्या दुकानदाराचे खाते दुसऱ्या बँकेत असूनही पैसे येत नाहीत, आणि त्याला कोणी कळवलेलेही नसते. शनिवारी सकाळी ९.३० ते १२.४५ ही तर ऐन गर्दीची वेळ.

म्हणून बँकांनी अशी वेळापत्रके दुकानदारांच्या क्यूआर ॲपवरही आधी पाठवावीत, ही विनंती.

– एक वाचक, फर्दापूर