पास होता, पण थैली रिकामी

पुण्यातील एका कापड व्यापारी कुटुंबाने मागील हिवाळ्यात अबूची यात्रा आखली. आजी, त्यांचा मुलगा व सून, नातू, नातसून आणि दोन लहान मुले असे सात जण घरच्या मोटारीने निघाले. पहिला मुक्काम मुलुंडला आत्याकडे ठरला होता. आजींचा चौविहार असल्याने सूर्यास्तापूर्वी तेथे पोहोचणे आवश्यक होते, म्हणून दुपारी दोनलाच घर सोडले. पथकराची काळजी कोणालाही नव्हती, कारण मोटारीच्या फास्टॅगवर वार्षिक पास आधीच घेतलेला होता.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या नाक्यावर मात्र अडसर उघडलाच नाही. पडद्यावर टॅग अमान्य असल्याचे दिसले. पास चालू होता, तरीही टॅग अमान्य कसा, हे नातवाला उमगेना.

कारण साधे होते. 15 ऑगस्ट 2025 रोजी 3000 रुपयांत सुरू झालेला वार्षिक पास एक वर्ष किंवा दोनशे फेऱ्या, यांपैकी जे आधी संपेल तोवर चालतो; पण केवळ राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवरील नाक्यांवर. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा आहे. समृद्धी महामार्गही त्याच महामंडळाचा, आणि अटल सेतू मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा. अशा ठिकाणी पास असूनही पथकर टॅगच्या नेहमीच्या शिलकीतूनच वजा होतो. म्हणजे काचेवर टॅग एकच, परंतु त्यामागे थैल्या दोन: एकीत फेऱ्या, दुसरीत रुपये. या कुटुंबाची पहिली थैली भरलेली होती आणि दुसरीत चाळीस रुपये उरले होते.

शिलक संपत आल्याचे संदेश बँकेने पाठवले होते. ते गेले दुकानातील मुनीमजींच्या मोबाइलवर, कारण टॅग घेताना तोच क्रमांक नोंदवला होता. व्यापारी घरांत हे सर्रास घडते. दुकानाचे, घराचे, मोटारीचे सगळे हिशेब एकाच क्रमांकावर येतात आणि गाडी चालवणाऱ्याला काहीच कळत नाही.

नातवाने रांगेतच मोबाइलवरून रक्कम भरली. ती खात्यात गेली, पण नाक्याच्या यंत्रात टॅगची स्थिती लगेच बदलली नाही, आणि मागील गाड्यांचे भोंगे थांबेनात. शेवटी त्या टप्प्याचा दुप्पट पथकर द्यावा लागला. राष्ट्रीय महामार्गावर 15 नोव्हेंबर 2025 पासून, टॅग चालला नाही तर यूपीआयने सव्वापट रक्कम देऊन सुटता येते. राज्याच्या या मार्गावर मात्र 1 एप्रिल 2025 पासूनच्या नियमाप्रमाणे यूपीआयनेही दुप्पटच द्यावी लागते. मोटारीसाठी पूर्ण मार्गाचा पथकर 320 रुपये धरला, तर संपूर्ण प्रवास अमान्य टॅगने करणाऱ्याला 640 पडतील. पैशांपेक्षाही गेलेला वेळ अधिक जाचला. घाटातील गर्दीत आणखी उशीर झाला आणि आजींनी सूर्य मावळण्याआधी गाडीतच डब्यातील ठेपले खाऊन पाणी घेतले. आत्याने केलेला स्वयंपाक त्यांच्यापुरता तसाच राहिला.

मुंबईच्या वेशीवर मात्र काही द्यावे लागले नाही. ऑक्टोबर 2024 च्या मध्यापासून शहराच्या पाचही प्रवेश नाक्यांवर हलक्या वाहनांना पथकर माफ आहे. वाशी, ऐरोली, दहिसर आणि मुलुंडचे दोन, असे हे नाके. दक्षिण मुंबईत जाण्यासाठी अटल सेतू निवडणाऱ्याला मात्र मोटारीचे एकेरी 250 रुपये शिलकीत ठेवावे लागतात.

दुसऱ्या दिवसाचा प्रवास खऱ्या अर्थाने पासाचा होता. मुंबईहून उत्तरेकडे खानिवडे, चारोटी, भगवाडा, बोरियाच, चोर्यासी, मांडवा आणि भरथाणा असे नाके एकामागून एक येतात. हे खुल्या पद्धतीचे नाके असल्याने प्रत्येक नाका ओलांडला की पासातील एक फेरी कमी होते. वडोदरा ते अहमदाबाद हा राष्ट्रीय द्रुतगती मार्ग बंदिस्त पद्धतीचा आहे. तेथे आत शिरताना व बाहेर पडताना अशी टॅगची नोंद दोनदा होते, पण फेरी एकच मोजली जाते. म्हणजे अहमदाबादपर्यंत आठ फेऱ्या झाल्या, जाऊन येऊन सोळा. तीन हजारांत दोनशे, म्हणजे एक फेरी पंधरा रुपयांची. सोळा फेऱ्यांचे 240 रुपये झाले. इतकी रक्कम एरवी मोजक्या नाक्यांवरच संपते. वर्षातून दोन-तीन यात्रा करणाऱ्या घराला पास परवडतो. जो फक्त पुणे-मुंबई द्रुतगती मार्गानेच ये-जा करतो, त्याला त्याचा उपयोग नाही.

अनेक घरांत दोन मोटारी असतात आणि एकच पास दोन्हींना वापरण्याचा मोह होतो. ते जमत नाही. पास ज्या क्रमांकाच्या खाजगी मोटारीसाठी घेतला, तिच्यापुरताच चालतो. दुकानाच्या माल वाहणाऱ्या व्यावसायिक गाडीला तर तो मिळतच नाही. टॅग काचेला चिकटवलेलाच हवा. खणात ठेवून नाक्यावर हाताने दाखवलेला टॅग काळ्या यादीत जाऊ शकतो, आणि मग पास व शिलक दोन्ही असून अडसर उघडत नाही.

याच्या उलट बाजूही माहीत असावी. टॅग वैध आहे, शिलक पुरेशी आहे, पण नाक्याचेच यंत्र बंद पडले आहे, अशा वेळी राष्ट्रीय महामार्गावर 2018 च्या नियमाप्रमाणे गाडीला पैसे न घेता सोडावे लागते आणि शून्य रकमेची पावती द्यावी लागते. ती पावती मागून घ्यावी. यंत्रात टॅग वाचला न गेल्यास गाडीचा क्रमांक हाताने नोंदवला जातो, आणि एखादा अंक चुकला तर दुसऱ्याच्याच थैलीतून पैसे जातात. घरी उभ्या असलेल्या गाडीचा पथकर कापल्याचा संदेश आला, तर बहुधा हेच घडलेले असते. राष्ट्रीय महामार्गाच्या नाक्याविषयी 1033 या क्रमांकावर, आणि अन्यथा टॅग देणाऱ्या बँकेकडे, संदेशातील नाक्याचे नाव व वेळ देऊन तक्रार करता येते. रोज रात्री मुक्कामी रोजमेळ पाहावा तसे दिवसभराचे संदेश एकदा पाहिले, म्हणजे अशी चूक त्याच दिवशी सापडते.

या कुटुंबाने मुलुंडच्या मुक्कामात नोंदवलेला मोबाइल क्रमांक बदलण्याचा अर्ज बँकेकडे केला आणि शिलकीत दोन हजार रुपये टाकले. ही रक्कम केवळ पथकरासाठी नव्हती. विमानतळांवर आणि मोठ्या दुकानसंकुलांत काही वाहनतळांचे शुल्कही टॅगमधून जाते, आणि तेही पासातून नव्हे, रुपयांच्या थैलीतून.

माउंट अबूच्या पायथ्याशी घाट सुरू झाल्यावर टॅगचे काम संपले. गावात शिरताना नगरपालिकेच्या नाक्यावर वाहनाचा व प्रवाशांचा कर निराळा द्यावा लागतो. देलवाड्याच्या मंदिरांबाहेर गाडी उभी करण्याचे पैसेही रोख. नातसुनेने त्यासाठी दहा, वीस व पन्नासच्या नोटा वेगळ्या पाकिटात काढून ठेवल्या होत्या. दोन्ही ठिकाणी गाडी क्षणभरच थांबली, आणि त्या दिवशी आजींना सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी भोजनशाळेत बसता आले.