काळेपांढरे ठिपके म्हणजे गीर? फोटोवरून देशी गाय ओळखताना रंग सर्वांत शेवटी का पाहावा?

गाय विकायची असली की आता बाजाराआधी फोटो पोहोचतो. व्हॉट्सॲपवरच्या ग्रुपमध्ये गाईचा एक फोटो येतो, खाली ‘अस्सल गीर, दुसरे वेत’ असे लिहिलेले असते आणि काही मिनिटांत दर विचारायला सुरुवात होते. फोटोत मोठ्या ठिपक्यांची गाय असते, कान लोंबलेले असतात, त्यामुळे कुणी फारशी शंका घेत नाही. हाच व्यवहार पुढे महागात पडू शकतो. गीर गाय एका वेतात सरासरी दोन हजार लिटरच्या आसपास दूध देते, तर देवणीची सरासरी हजार लिटरच्या आत असते. देवणी दूध आणि शेतकाम अशा दोन्हींसाठी जोपासलेली जात आहे. तिच्यात कमीपणा काहीच नाही, पण गीरचा दर देऊन ती घेतली तर हिशेब चुकतो.

एकाच रंगाच्या तीन गाई

पांढऱ्या अंगावर काळे डाग असलेली गाय लातूर-नांदेड भागात दिसली तर ती तीनपैकी काहीही असू शकते. ती देवणी असेल, एचएफ म्हणजे होल्स्टीन फ्रिजियनची संकरित गाय असेल किंवा गीरचे रक्त असलेली गाय असेल. देवणीतच रंगाचे तीन प्रकार मानले जातात. पूर्ण पांढरी ती बालंक्या, अंग पांढरे आणि तोंडाच्या बाजू काळ्या असतील तर वानेरा आणि अंगभर काळे डाग असतील तर शेवेरा. गीर बहुधा लाल किंवा लालसर ठिपक्यांची असते, पण तिच्यातही रंगाच्या अनेक छटा आहेत. एचएफचा काळापांढरा रंग तर सर्वांच्या ओळखीचा आहे. म्हणजे रंगावरून सुरुवात केली की पहिल्याच पायरीवर तीन जनावरांचा घोळ होतो. म्हणून क्रम उलटा ठेवावा. आधी वशिंड, मग कपाळ आणि शिंगे, मग कान आणि शेवटी रंग.

पहिला प्रश्न : वशिंड आहे का?

वशिंडावरून जात कळत नाही, पण गाय देशी आहे की संकरित याचा पहिला अंदाज येतो. देशी गाईच्या खांद्यावर उंचवटा स्पष्ट दिसतो आणि गळ्याखालची पोळी सैल लोंबते. एचएफ संकरात वशिंड बसके होत जाते, पोळी आटोपशीर होते आणि पाठीची रेषा मानेपासून शेपटीपर्यंत जवळजवळ सरळ दिसते.

इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. गाईचे वशिंड वळूपेक्षा मुळातच लहान असते आणि गाय खंगली की ते आणखी उतरते. शिवाय गाय मान खाली घालून चरत असेल तर फोटोत वशिंड नीट कळत नाही. त्यामुळे मान वर असलेला, आडव्या बाजूने काढलेला फोटोच यासाठी उपयोगाचा.

गीर की देवणी? उत्तर डोक्यात

देवणी तयार होण्यात गीर आणि डांगी या जातींचा वाटा मानला जातो. त्यामुळे दोघींत साम्य असणारच. फरक पाहायचा तो डोक्यात.

गीरचे कपाळ रुंद आणि घुमटासारखे पुढे आलेले असते. बाजूने पाहिले तर डोळ्यांच्या वर ठळक फुगवटा दिसतो. तिची शिंगे या फुगवट्याच्या बाजूने निघून आधी खाली आणि मागे जातात आणि मग वर वळतात. देवणीचे कपाळ किंचित उंच असते, पण घुमट नसतो. तिची शिंगे डोक्याच्या दोन्ही बाजूंनी निघून बाहेर आणि वर जातात. शिंग मुळाशी कोणत्या दिशेला निघते, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे. टोक तुटलेले असू शकते, शिंगे साळलेली असू शकतात, पण मुळाची दिशा सहसा बदलत नाही. लहानपणीच शिंगे जाळलेली असतील तर मात्र ही खूण हातची गेली असे समजावे.

कान दोघींचेही लोंबतात. गीरचा कान लांब आणि वळलेल्या पानासारखा असतो, टोकाशी खाच दिसते. देवणीच्या कानाला ही पानासारखी घडी आणि खाच नसते. डांगीही ठिपक्यांची असते, पण तिचे कान लहान असतात आणि असे लोंबत नाहीत. एचएफचे कान बाजूला आडवे असतात. कान अर्धवट लोंबलेला आणि वशिंड बसके असेल तर संकराची शंका घ्यावी.

एक उदाहरण

समजा, ‘गीर’ म्हणून आलेल्या फोटोत काळ्या डागांची पांढरी गाय आहे. वशिंड ठीक दिसते, पोळी सैल आहे, म्हणजे एचएफ संकराची शक्यता मागे पडते. समोरून कपाळ मोठे वाटते, पण फोटो दोन फुटांवरून काढलेला आहे. मोबाइल जवळ नेला की पुढे असलेला भाग प्रमाणाबाहेर मोठा दिसतो, म्हणून हा पुरावा धरायचा नाही. विक्रेत्याकडून बाजूचा फोटो मागवला. त्यात कपाळ जवळपास सपाट, शिंगे मुळापासूनच बाहेर आणि वर गेलेली, कान लोंबता पण घडी नसलेला. चार खुणांपैकी तीन गीरशी जुळत नाहीत. आता रंगाकडे पाहिले तर तो शेवेरा देवणीशी जुळतो. निष्कर्ष एवढाच की ही गीर नाही, देवणीसारखी आहे.

फोटो कसा मागवायचा?

तीन फोटो पुरेत. पहिला आडव्या बाजूने, पूर्ण गाय आणि चारही पाय दिसतील असा. दुसरा फक्त डोक्याचा, बाजूने. तिसरा समोरून. कॅमेरा गाईच्या खांद्याच्या उंचीवर हवा आणि अंतर दहा-बारा फूट. लागल्यास तेवढ्या अंतरावरून झूम करावे. फोटो सकाळच्या उजेडात काढावा. संध्याकाळच्या पिवळ्या उजेडात पांढरी गाय बदामी आणि बदामी गाय लाल दिसते. गाय दचकलेली असेल तर ती कान ताणते, म्हणून कान सैल सुटलेले असतानाच फोटो घ्यावा.

फोटो काय सांगू शकत नाही?

‘ही अमुक जात नाही’ हे फोटो बऱ्यापैकी सांगतो. ‘ही शुद्ध अमुक जात आहे’ हे तो सांगू शकत नाही. दोन-तीन पिढ्यांमागचा संकर दिसण्यातून पुसला जाऊ शकतो. शिवाय देशातील देशी गाईंचा मोठा हिस्सा कोणत्याच नोंदणीकृत जातीत बसत नाही. त्यांना गावठी म्हणणेच प्रामाणिकपणाचे. चार खुणा चार दिशांना जात असतील तर ओढूनताणून जातीचे नाव लावू नये.

म्हणून फोटो पसंत पडल्यावर कानातल्या टॅगचा १२ अंकी क्रमांक मागावा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याची नोंद तपासून घ्यावी. त्या नोंदीतली जातही अनेकदा पाहूनच लिहिलेली असते. म्हणून आई कोणती होती आणि कोणत्या वळूचे रेतन केले होते, हेही विचारावे. याचे उत्तर देणारा विक्रेता असेल तर फोटोच्या चार खुणांना आधार मिळतो. ‘रंग बघा ना’ एवढेच उत्तर येत असेल, तर गीरचा दर देऊ नये.